दोन रेषा कुठंतरी भेटतातच: कंपासचं बेअरिंग नकाशावर उतरवताना

आजचा भाग ऐकताना जमलं तर चौकटीचा एक कागद, पेन्सिल आणि शाळेतला कोनमापक जवळ ठेवा. बसमध्ये असाल तर नुसतं ऐका, घरी गेल्यावर हे लिखित रूप उघडा आणि करून बघा. आकडे मी मुद्दाम सोपे ठेवलेत.

आजचा विषय असा: डोंगरावर उभं राहून कंपासने एखाद्या टेकडीचं बेअरिंग घेतलं, म्हणजे ती टेकडी उत्तरेपासून किती अंशांवर आहे ते वाचलं. आता तोच आकडा नकाशावर आखायचा. मधे एक छोटी बेरीज किंवा वजाबाकी असते. ती मी एकदा विसरले होते. त्याचीच ही गोष्ट.

सह्याद्रीत शिकलेली सवय

मी कंपास शिकले तो सह्याद्रीत. कॉलेजच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये एका दादाने शिकवला होता. समोरच्या सुळक्यावर नेम धरायचा, डायल फिरवायची, आकडा वाचायचा आणि तोच आकडा नकाशावर ठेवून रेषा मारायची. संपलं. आणि गंमत म्हणजे ते बरोबर यायचं! दरवेळी यायचं.

का यायचं, हे तेव्हा कळलं नव्हतं. कंपासची सुई नकाशातल्या उत्तरेकडे बघत नाही, ती पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने स्थिरावते. या दोन उत्तरांमध्ये जो कोन असतो त्याला डिक्लिनेशन म्हणतात, आपल्या पुस्तकांत दिक्पात. हा कोन जागेनुसार बदलतो. महाराष्ट्रात सध्या तो एक अंशाहूनही कमी आहे. हातात धरलेल्या साध्या कंपासने आपण वाचतो तेच मुळात एखाद-दोन अंश मागे-पुढे असतं. त्यामुळे आपल्याकडे हा कोन त्या चुकीत विरघळून जातो, कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणजे आपण सगळे बेरीज न करता पास झालेली मुलं! नापास कुठे होतो, तर बाहेर गेल्यावर. केप टाउनला सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे २५ अंश पश्चिमेला बघते. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या बाजूला सुमारे १५ अंश पूर्वेला. आणि मी शिकायला गेले होते त्या न्यूझीलंडमध्ये, उत्तर बेटाच्या मध्यावर, वीस अंशांहून जास्त पूर्वेला.

धुक्यातली ती पाच मिनिटं

उत्तर बेटाच्या मधोमध टोंगारिरो नॅशनल पार्क आहे. ज्वालामुखींचा प्रदेश. झाडं कमी, गवताचे झुबके, मधे नुसती खडी आणि राखेची मैदानं. अशा ठिकाणी पायवाट जमिनीवर दिसतच नाही, अंतराअंतरावर खांब रोवलेले असतात. एका खांबापासून पुढचा दिसला की चालायचं.

आम्ही चौघं होतो. आम्हा तिघी विद्यार्थिनी आणि आमच्या ओळखीचे एक काका, मूळचे नाशिकचे, पण तिथे पंचवीस वर्षं राहिलेले आणि डोंगरात मुरलेले. दुपारी धुकं आलं. एक खांब चुकला, मग दुसरा. आम्ही तासभर गोल गोल फिरलो असू. अंधार पडायला दोन तास उरले होते, थंडी वाढली होती, आणि मुक्कामाची झोपडी खांबांच्या वाटेवर दक्षिणेला सुमारे तीन किलोमीटरवर होती. वाट सापडली तर तासाभराचं काम. नाही सापडली तर रात्र उघड्यावर.

तेवढ्यात पाचेक मिनिटं धुकं उघडलं. तीन टेकड्या दिसल्या. तिन्ही मी सकाळपासून नकाशावर बघत आले होते, त्यामुळे ओळखल्या. आपण त्यांना क, ख आणि ग म्हणू. पटापट तिन्हींची बेअरिंग घेतली आणि वहीत लिहिली.

क टेकडी: ३४३
ख टेकडी: ७३
ग टेकडी: २१८

धुकं पुन्हा मिटलं. मी खाली बसले, नकाशा उघडला. न्यूझीलंडची टोपो५० मालिका, १:५०,००० प्रमाणाची, म्हणजे नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर. क पासून उलटी रेषा मारली. ख पासून उलटी रेषा मारली. दोन्ही एका जागी छेदल्या, आणि तीही अगदी छान, काटकोनात. मी टिंब काढलं. टिंब वाटेच्या पूर्वेला ८०० मीटरवर होतं.

मी उठले आणि म्हटलं, "वाट आपल्या पश्चिमेला आहे. पाऊण किलोमीटर. चला."

काका जागचे हलले नाहीत. त्यांनी वहीत बघितलं आणि एवढंच विचारलं, "बेअरिंग तीन घेतलीस, रेषा दोनच का? तिसरी कुठंय?"

मला खरं तर राग आला होता. दोन रेषांनी बिंदू मिळतो, हे आठवीतलं भूमिती आहे. तरी तिसरी मारली. ती माझ्या टिंबाच्या जवळपासही गेली नाही. साडेपाच सेंटिमीटर लांबून गेली. म्हणजे जमिनीवर २.८ किलोमीटर!

काकांनी नकाशाच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे छोटीशी आकृती असते, दोन बाण आणि मधे कोन. माझ्या नकाशावर तिथे लिहिलं होतं २२ अंश. मी तो नकाशा आठवडाभर वापरत होते. ती आकृती मी पाहिली होती. वाचली नव्हती.

बेरीज का, वजाबाकी का नाही?

आता थोडं थांबू. इथे बहुतेक जण पाठांतर करतात, आणि पाठांतर नेमकं गार वाऱ्यात, घाईत दगा देतं. त्यापेक्षा एकदा चित्र डोळ्यांसमोर आणा.

नकाशाची उत्तर म्हणजे कागदावर सरळ वर. सुईची उत्तर तिच्यापेक्षा २२ अंश उजवीकडे, म्हणजे पूर्वेला. आता समजा एक टेकडी बरोबर सुईच्या दिशेला आहे. कंपास काय सांगेल? शून्य. कारण तो मोजायला सुरुवातच तिथून करतो. पण नकाशावर ती टेकडी कुठे आहे? उत्तरेपासून २२ अंश उजवीकडे. म्हणजे कंपासचं शून्य हे नकाशाचं २२. कंपासचं १० हे नकाशाचं ३२. कंपास २२ अंश उशिरा मोजायला लागतो, म्हणून त्याचा प्रत्येक आकडा २२ ने कमी असतो, आणि नकाशावर जाताना तो आपण भरून काढायचा.

झालं. एवढंच आहे. स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: कंपासचं शून्य नकाशावर किती अंशांवर येतं? २२ पूर्व असेल तर २२ वर येतं, म्हणून मिळवा. केप टाउनसारखं २५ पश्चिम असेल तर शून्य हे उत्तरेच्या डावीकडे, म्हणजे ३३५ वर येतं, म्हणून २५ वजा करा.

आता माझे तीन आकडे दुरुस्त करू.

क: ३४३ + २२ = ३६५. असा आकडा डायलवर नसतोच, एक फेरी पूर्ण झाली, म्हणून ३६० वजा. उरले ५.
ख: ७३ + २२ = ९५.
ग: २१८ + २२ = २४०.

पहिला आकडा बघा. ३४३ चं ५ झालं. घाईत माणूस ५ बघून दचकतो, "एवढा कसा बदलला?" म्हणतो आणि पुन्हा ३४३ वर जातो. बदललेलं काही नसतं. टेकडी उत्तरेच्या जरा डावीकडे वाटत होती, ती खरी उत्तरेच्या जरा उजवीकडे आहे, एवढंच.

कागदावर करून बघा

चौकटीच्या कागदावर मधे एक टिंब द्या. हे आमचं खरं ठिकाण, धुक्यात आम्ही उभे होतो ते. एका सेंटिमीटरला एक किलोमीटर धरा. कागदाची वरची बाजू उत्तर. आता टिंबापासून ५ अंशांवर तीन सेंटिमीटरवर क टेकडी. ९५ अंशांवर चार सेंटिमीटरवर ख. आणि २४० अंशांवर अडीच सेंटिमीटरवर ग. हे झालं जग जसं आहे तसं.

आता मी काय केलं ते करा. टेकडीपासून आपल्याकडे रेषा आणायची तर बेअरिंग उलटं करावं लागतं: १८० पेक्षा कमी असेल तर १८० मिळवायचे, जास्त असेल तर वजा करायचे. मी न सुधारलेले आकडे उलटे केले. क पासून १६३ वर रेषा, ख पासून २५३ वर. दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे दुसरं टिंब द्या. पट्टीने मोजा. खऱ्या टिंबापासून सुमारे १.९ सेंटिमीटर, आग्नेयेला. म्हणजे जमिनीवर १.९ किलोमीटर. त्यातले साधारण दीड किलोमीटर पूर्वेला आणि १.१ दक्षिणेला.

आता वाट आठवा. खांबांची वाट उत्तर-दक्षिण जात होती आणि आम्ही खरे तिच्या पश्चिमेला ७०० मीटरवर होतो. माझं टिंब दीड किलोमीटर पूर्वेला सरकलं, म्हणजे वाट ओलांडून पलीकडे गेलं. त्यामुळे मी आत्मविश्वासाने सगळ्यांना पश्चिमेला, म्हणजे वाटेपासून उलट्या दिशेला न्यायला निघाले होते. ८०० मीटर चालून वाट लागली नसती. तेव्हा आम्ही वाटेपासून दीड किलोमीटर लांब, अंधाराच्या तोंडावर उभे असतो.

आता सुधारलेल्या आकड्यांनी करा. क पासून १८५, ख पासून २७५, आणि ग पासून ६०. तिन्ही रेषा पहिल्या टिंबावर येतील. कागदावर अगदी नेमक्या येतील. माझ्या नकाशावर तिथे एक छोटा त्रिकोण झाला, बाजू दोन-तीन मिलिमीटर. तो तसाच यायला हवा, त्याबद्दल पुढे बोलू.

अजून एक करून बघा, कारण ही चूक खूप जण करतात. मिळवायच्या ऐवजी २२ वजा करा. ३४३ चे ३२१, ७३ चे ५१. आता टिंब खऱ्या जागेपासून सुमारे साडेतीन किलोमीटर जाईल. म्हणजे उलटी दुरुस्ती ही दुरुस्ती न करण्यापेक्षा वाईट. कोनातली चूक ४४ अंशांची होते.

दोन रेषा खोटं का पकडत नाहीत

आता या भागातला मुख्य मुद्दा. मला माझी चूक का दिसली नाही? रेषा तर किती छान छेदल्या होत्या!

बघा, डिक्लिनेशनची चूक सगळ्या बेअरिंगमध्ये सारखीच असते. क मध्ये २२ चुकले, ख मध्येही २२ चुकले, त्याच बाजूला. त्यामुळे दोघांमधला कोन बदलतच नाही. ३४३ आणि ७३ मध्ये नव्वद अंश. ५ आणि ९५ मध्येही नव्वद अंश. म्हणून माझ्या चुकीच्या रेषाही काटकोनात छेदल्या, जशा खऱ्या छेदल्या असत्या. दोन रेषा समांतर नसतील तर त्या कुठंतरी भेटणारच. त्यांचं भेटणं हा पुरावा नाही.

भूमिती आवडणाऱ्यांसाठी एक गंमत. एकाच वर्तुळखंडातले कोन समान असतात, हे शाळेत केलंय ना आपण? क, ख आणि तुमची खरी जागा यांतून एक वर्तुळ काढा. चुकीचं टिंबही त्याच वर्तुळावर पडतं. चूक वाढली की टिंब त्या वर्तुळावर पुढे सरकतं. प्रत्येक ठिकाणाहून क आणि ख मधला कोन तोच दिसतो, त्यामुळे दोन रेषांना फरक कळायला जागाच नाही.

तिसरी रेषा मात्र दुसऱ्या टेकडीभोवती फिरते. तिला त्या वर्तुळाशी देणंघेणं नसतं. म्हणून ती टिंब चुकवून निघून जाते आणि मोठा त्रिकोण उघडा पडतो. अपवाद एकच: तुमची जागा आणि तिन्ही टेकड्या एकाच वर्तुळावर आल्या, तर तिसरीही गप्प बसते. म्हणून तिसरी टेकडी शक्यतो वेगळ्या बाजूची घ्यायची, पहिल्या दोघींच्या रांगेतली नको. माझी ग नैर्ऋत्येला होती, क उत्तरेला, ख पूर्वेला. ते नशीब म्हणा.

त्रिकोण किती मोठा म्हणजे मोठा?

हातातल्या कंपासने दोन अंशांची चूक सहज होते. चार किलोमीटरवरच्या टेकडीसाठी दोन अंश म्हणजे साधारण १४० मीटर. म्हणून शंभर-दोनशे मीटरचा त्रिकोण आला तर घाबरू नका. आपण त्याच्या आत किंवा अगदी जवळ आहोत असं धरायचं आणि आजूबाजूची जमीन नकाशाशी ताडून बघायची. उतार कुठल्या बाजूला आहे, ओढा डावीकडे आहे का, हे विचारायचं.

पण त्रिकोण किलोमीटर-दोन किलोमीटरचा असेल तर हात थरथरल्याचं कारण चालणार नाही. तेव्हा आधी डिक्लिनेशनची दुरुस्ती केली का ते बघा. केल्यावर तिन्ही रेषा एकत्र आल्या तर रोग सापडला. केल्यावरही त्रिकोण पसरलेलाच राहिला तर दुसरं कारण आहे: बहुतेक वेळा एखादी टेकडी चुकीची ओळखलेली असते.

कधी कधी एखादा आकडा जवळच्या लोखंडामुळे बिघडतो. कंपास फोनजवळ धरला, छातीवरच्या खिशात पॉवर बँक आहे, किंवा शेजारी लोह असलेला ज्वालामुखीचा खडक आहे. हे ओळखायला सोपं आहे. वीस-पंचवीस पावलं बाजूला जा आणि लांबच्या त्याच टेकडीचं बेअरिंग पुन्हा घ्या. आकडा चार-पाच अंशांनी बदलला तर जवळपास काहीतरी सुईला ओढतंय. ही चूक जागोजागी वेगळी असते, म्हणून ती बेरजेने दुरुस्त करता येत नाही. जागाच बदलावी लागते.

२२ हा आकडा येतो कुठून

आकडा नकाशाच्या कडेला असतो, हे तर झालं. पण तो वाचताना दोन गोष्टी बघायच्या.

पहिली: तो कोन कोणत्या दोन उत्तरांमधला आहे? नकाशावर ज्या उभ्या रेषा असतात, त्यांना ग्रिड म्हणतात. त्या रेषा बरोबर उत्तर ध्रुवाकडे जातातच असं नाही. गोल पृथ्वी सपाट कागदावर बसवताना त्या थोड्या कलतात. टोंगारिरोच्या भागात हा फरक दीड अंशाच्या आसपास आहे. आपण कोन मोजतो ते ग्रिडच्या रेषांवरून, म्हणून आपल्याला सुई आणि ग्रिड यांमधला कोन हवा. टोपो५० वर नेमका तोच छापलेला असतो, ग्रिड-मॅग्नेटिक अँगल म्हणून. त्यामुळे वेगळं गणित नको. पण वेबसाइटवर डिक्लिनेशन शोधलंत तर ते खऱ्या उत्तरेपासूनचं मिळतं, आणि ते नकाशावरच्या आकड्याशी अंश-दोन अंश जुळत नाही. कुणीच चुकलेलं नसतं, मोजायची सुरुवात वेगळी असते.

दुसरी: तो आकडा कोणत्या वर्षीचा आहे? चुंबकीय क्षेत्र सरकत असतं. सिअ‍ॅटलजवळ १९७० च्या सुमारास डिक्लिनेशन साधारण २२ अंश पूर्व होतं, आता १५ च्या आसपास आलंय. कुणी इंटरनेटवरून त्या काळातला जुना नकाशा उतरवून घेतला आणि कडेचा आकडा तसाच वापरला तर सात अंशांची चूक घरातूनच घेऊन निघेल. म्हणून नकाशा जुना असेल तर डोंगर तोच, पण डिक्लिनेशन नवीन शोधायचं.

हे सरकणं मोजायचं काम आपल्याकडेही चालतं. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या विजेने नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला नेलं. अलिबागला फिरायला जाताना तुम्ही त्या वेधशाळेच्या जवळून गेला असाल.

फोनवाल्यांनो, इकडे लक्ष द्या

तुम्ही म्हणाल, ताई, फोनमध्ये कंपास आहे की! आहे. पण त्याला आधी विचारा, तू कुठली उत्तर सांगतोयस? आयफोनच्या कंपासच्या सेटिंगमध्ये `Use True North` असं बटण असतं. ते चालू असेल तर फोन तुमच्या लोकेशनवरून डिक्लिनेशन काढतो आणि स्वतःच मिळवून दाखवतो. आता त्यात तुम्ही अजून २२ मिळवले तर दुरुस्ती दोनदा झाली, आणि चूक पुन्हा जवळजवळ तेवढीच, फक्त दुसऱ्या बाजूला.

हीच गोष्ट काही महागड्या कंपासची. त्यांना मागे छोटा स्क्रू असतो, त्याने डिक्लिनेशन एकदाच बसवून ठेवता येतं. सोय चांगली आहे. पण मित्राचा कंपास उसना घेतला तर त्याने तो कुठल्या देशासाठी बसवलाय हे बघा. नियम असा ठेवा: दुरुस्ती एकदाच, आणि ती कुणी केली, फोनने, स्क्रूने की मी, हे माहीत असलं पाहिजे. वहीत आकड्यापुढे एक अक्षर लिहा. मी कच्च्या आकड्यापुढे "चुं" लिहिते, दुरुस्त केलेल्यापुढे "न". चुंबकीय आणि नकाशा.

आणि भारतात घेतलेला कंपास न्यूझीलंडला नेणार असाल तर तो आधी तपासा. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुईला आडवंच ओढतं असं नाही, खालीही ओढतं. आपल्याकडे सुईचं उत्तर टोक खाली झुकतं, तिकडे दक्षिण टोक, आणि बरंच जास्त. कंपास बनवणारे त्या त्या प्रदेशासाठी सुई तोलून देतात. इकडची सुई तिकडे तिरकी होऊन डबीला घासते आणि अडकते. डबी हलकेच हलवली आणि सुई मोकळी झुलली नाही, तर त्या आकड्यावर विसंबू नका.

परत त्या खडीच्या मैदानात

तर आम्ही काय केलं? दुरुस्त टिंबावरून वाट पूर्वेला ७०० मीटर. नकाशावर पूर्व म्हणजे ९०. आता आपण उलट दिशेने चाललोय, नकाशावरून जमिनीवर. म्हणून या वेळी २२ वजा. कंपासवर लावले ६८. एक जण पुढे, धुक्यात दिसेल इतक्याच अंतरावर, आणि मी मागून तिला डावीकडे-उजवीकडे करत. काका शेवटी. मी पावलं मोजत होते.

वीस मिनिटं झाली असतील. पुढच्या मैत्रिणीने हात वर केला. खांब होता. तिथून दक्षिणेला वळलो आणि अंधार पडायच्या जरा आधी झोपडीत पोचलो. स्टोव्हवर चहा ठेवल्यावर काकांनी माझी वही मागितली आणि त्या ३४३ च्या पुढे पेन्सिलीने स्वतःच "चुं" लिहून दिलं. ते अजून आहे.

तेव्हा या आठवड्याचा गृहपाठ. मघाचा कागद काढा. क आणि ख त्याच जागी ठेवा, पण ग टेकडी कुठल्या तरी दुसऱ्या दिशेला, तुमच्या मनाने ठेवा. खऱ्या टिंबापासून तिन्हींचे कोन मोजा, त्यातून १५ वजा करा, म्हणजे सिअ‍ॅटलच्या कंपासवर दिसले असते ते आकडे मिळतील. मग ते न सुधारता उलटे करून आखा आणि त्रिकोण किती मोठा येतो ते बघा. ग ची जागा बदलून दोन-तीनदा करा. कुठे ठेवल्यावर त्रिकोण मोठा होतो आणि कुठे ठेवल्यावर तो जवळजवळ दिसेनासा होतो, हे तुम्हीच शोधा. उत्तर आजच्या भागातच कुठंतरी दिलंय.

पुढच्या भागात भेटू. तोवर तिसरी रेषा विसरू नका!